स्नायूचे आकुंचन: क्रॉस-ब्रिजपासून व्यायामापर्यंत, क्रम न चुकता

फिजिऑलॉजीच्या उत्तरपत्रिकांत तीन वाक्ये वर्षानुवर्षे येत राहतात. 'कॅल्शियम मायोसिनला जोडले जाते आणि आकुंचन सुरू होते.' 'एटीपी जोडला गेला की पॉवर स्ट्रोक होतो.' 'वजने उचलल्याने स्लो फायबर फास्ट होतात.' तिन्ही चूक आहेत, आणि तिन्हींचे मूळ एकच आहे. आकुंचन, फायबरचे प्रकार आणि व्यायामाचे परिणाम हे तीन वेगळे धडे म्हणून पाठ केले जातात. खरे तर फायबरचा प्रकार म्हणजे त्याच आकुंचनचक्रातल्या भागांची वेगळी आवृत्ती, आणि व्यायाम म्हणजे ते भाग कमी-जास्त करणे किंवा बदलणे. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. तिसरा टप्पा पक्का झाल्याशिवाय पाचव्याला हात लावू नका.

## टप्पा १: तयारी – मापांसह सार्कोमिअर काढा

आधी शब्द ठरवून घ्या. या लेखात फायबर म्हणजे स्नायूची अख्खी पेशी, आणि तंतू म्हणजे तिच्या आतले ॲक्टिन किंवा मायोसिनचे फिलामेंट. उत्तरात दोन्हींना 'तंतू' लिहिले की तपासणाऱ्याला तुम्हाला नेमके काय म्हणायचे आहे ते कळत नाही.

आता कोऱ्या कागदावर एक सार्कोमिअर काढा, पण नुसती आकृती नको, आकडे घाला. बेडकाच्या स्नायूची मापे सोपी आहेत: मधला मायोसिनचा जाड तंतू १.६ मायक्रोमीटर, आणि प्रत्येक झेड रेषेपासून आत येणारा ॲक्टिनचा पातळ तंतू १.० मायक्रोमीटर. हे दोन आकडे बदलत नाहीत. बदलते ते फक्त दोन झेड रेषांमधले अंतर.

सार्कोमिअरची लांबी २.२ मायक्रोमीटर आहे असे धरा. ए बँड म्हणजे जाड तंतूची लांबी, म्हणून तो १.६. उरलेला भाग आय बँडचा, दोन्ही बाजू मिळून ०.६. एच झोन म्हणजे मधली ॲक्टिन नसलेली जागा: २.२ वजा दोन पातळ तंतूंचे २.०, म्हणजे ०.२.

आता स्नायू आकसून सार्कोमिअर २.० झाले. ए बँड तोच, १.६. आय बँड ०.४. एच झोन शून्य. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने केले की 'आकुंचनात कोणता बँड लहान होतो' हा प्रश्न पाठांतराचा राहत नाही.

तेच सार्कोमिअर ३.६ पर्यंत ताणून पाहा. दोन पातळ तंतूंचे २.० आणि जाड तंतूचे १.६ मिळून ३.६ होतात, म्हणजे तंतूंची टोके जेमतेम एकमेकांना लागतात आणि ओव्हरलॅप उरत नाही. ओव्हरलॅप नाही म्हणजे क्रॉस-ब्रिज नाहीत, आणि क्रॉस-ब्रिज नाहीत म्हणजे सक्रिय बल नाही. गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांनी १९६६ साली बेडकाच्या एकेका फायबरवर मोजले तेव्हा बल साधारण याच लांबीला शून्यावर आले आणि २.० ते २.२ च्या आसपास सर्वांत जास्त मिळाले. लांबी-बल आलेख पाठ करायची गरज नाही, तो या गणितातून निघतो.

सावधान: माणसाचा पातळ तंतू बेडकापेक्षा लांब असतो, सुमारे १.२७ मायक्रोमीटर. त्यामुळे माणसाच्या सार्कोमिअरची सर्वोत्तम लांबी २.६ ते २.८ च्या घरात जाते. आकडा लिहिताना प्राणी कोणता तेही लिहा.

## टप्पा २: आदेश – मज्जातंतूपासून कॅल्शियमपर्यंत

हा भाग बहुतेकांना येतो, म्हणून भरभर जाऊ. मोटर न्यूरॉनच्या टोकातून ॲसिटिलकोलिन सुटते, ते एंडप्लेटवरच्या निकोटिनिक रिसेप्टरला जोडले जाते, एंडप्लेट पोटेन्शियल तयार होते आणि त्यातून ॲक्शन पोटेन्शियल सार्कोलेमावर पसरते. तिथून ते टी-ट्यूब्यूलने पेशीच्या आत उतरते.

पुढच्या पायरीवर मात्र थांबा. टी-ट्यूब्यूलच्या भिंतीत डायहायड्रोपिरिडीन रिसेप्टर असतो. तो व्होल्टेज ओळखतो, आपला आकार बदलतो, आणि समोरच्या सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमवरच्या रायनोडीन रिसेप्टरला थेट यांत्रिकपणे उघडतो. रेटिक्युलममधले कॅल्शियम बाहेर येते. पेशीद्रवातले त्याचे प्रमाण विश्रांतीत सुमारे ०.१ मायक्रोमोलर असते, ते दहापट किंवा त्याहून जास्त वाढते.

इथे चुकते: 'बाहेरचे कॅल्शियम आत येते आणि ते रेटिक्युलममधले कॅल्शियम सोडवते' असे लिहिले जाते. ती हृदयाच्या स्नायूची पद्धत आहे. अस्थिस्नायूत आदेश यांत्रिक जोडणीने पोहोचतो.

तपासा: फायबरच्या भोवतीच्या द्रावणातले कॅल्शियम काढून टाकले आणि फायबरला थेट विद्युत उत्तेजन दिले, तर काय होईल? अस्थिस्नायू बराच काळ आकसत राहतो, हृदयाचा स्नायू लगेच थांबतो. हे उत्तर तुम्हाला कारणासकट देता आले तर पुढे जा. मात्र उत्तेजन मज्जातंतूमार्फत दिले तर अस्थिस्नायूही आकसणार नाही, कारण न्यूरॉनच्या टोकातून ॲसिटिलकोलिन सुटायला बाहेरचे कॅल्शियम लागतेच. व्हायवात हा फरक हमखास विचारला जातो.

## टप्पा ३: क्रॉस-ब्रिज चक्र – रिगरपासून सुरुवात करा

कॅल्शियम ट्रोपोनिन-सीला जोडले जाते. त्यामुळे ट्रोपोमायोसिन सरकते आणि ॲक्टिनवरची मायोसिनसाठीची जागा मोकळी होते. अस्थिस्नायूत कॅल्शियमचे काम एवढेच: दार उघडणे. ते मायोसिनला ऊर्जा देत नाही आणि खेचतही नाही.

चक्र कुठून सुरू करायचे याबद्दल पुस्तकांत एकवाक्यता नसते, आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ तिथेच सुरू होतो. माझा आग्रह आहे की रिगर अवस्थेपासून सुरुवात करा. त्या अवस्थेत मायोसिनच्या डोक्यावर काहीच जोडलेले नसते, त्यामुळे एटीपीचा हिशेब शून्यापासून ठेवता येतो.

१. रिगर. डोके ॲक्टिनला घट्ट चिकटलेले आहे. एटीपी नाही, एडीपीही नाही.

२. सुटका. एटीपी डोक्याला जोडला जातो आणि डोके ॲक्टिनपासून सुटते. इथे एटीपी नुसता *जोडला* गेला आहे, तुटलेला नाही.

३. ताणणे. आता एटीपी तुटतो. एडीपी आणि फॉस्फेट दोन्ही डोक्यातच राहतात. तुटण्यातून मिळालेल्या ऊर्जेने डोके मागे ताणले जाऊन सज्ज होते.

४. पॉवर स्ट्रोक. दार उघडे असेल तर सज्ज डोके ॲक्टिनला आधी सैलसर जोडले जाते. मग फॉस्फेट सुटतो, पकड घट्ट होते आणि डोके झुकून पातळ तंतूला एम रेषेकडे ओढते. एका झटक्यातले सरकणे ५ ते १० नॅनोमीटर.

५. एडीपी सुटतो. डोके पुन्हा रिगरमध्ये. नवा एटीपी आला की पायरी दोन.

या पाच ओळींत एटीपीची दोन वेगळी कामे दिसतात. जोडला जाणे म्हणजे सुटका, तुटणे म्हणजे सज्ज होणे. पॉवर स्ट्रोकच्या क्षणी एटीपी जोडलाही जात नाही आणि तुटतही नाही, त्या वेळी फॉस्फेट बाहेर पडतो. परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच जातात.

इथे चुकते: शिथिल स्नायूतली डोकी रिगरमध्ये असतात असे समजले जाते. तसे नाही. जिवंत शिथिल स्नायूत एटीपी भरपूर असतो, म्हणून डोकी तिसऱ्या पायरीवर, सज्ज होऊन थांबलेली असतात. चौथ्या पायरीला दार बंद आढळते, एवढेच.

तपासा: एटीपी आहे पण कॅल्शियम नाही: चक्र कुठे अडकेल? कॅल्शियम आहे पण एटीपी संपला: कुठे अडकेल? पहिल्याचे उत्तर तिसरी पायरी, स्नायू सैल. दुसऱ्याचे उत्तर पहिली पायरी, स्नायू ताठ. मृत्यूनंतर काही तासांत येणारा ताठरपणा म्हणजे हे दुसरे उत्तर.

सगळी डोकी एकाच वेळी ओढत नाहीत हेही लक्षात ठेवा. काही ओढत असतात, काही सुटलेली असतात, म्हणून तंतू मागे घसरत नाही.

## टप्पा ४: शिथिलीकरण, ज्याला उत्तरात जागाच मिळत नाही

'उत्तेजन थांबते आणि स्नायू शिथिल होतो' एवढ्या एका वाक्यात हा भाग उरकू नका. शिथिल होण्यालाही एटीपी लागतो. रेटिक्युलमच्या भिंतीतला सर्का हा पंप दर एका एटीपीमागे दोन कॅल्शियम आयन आत खेचतो. पेशीद्रवातले कॅल्शियम घटले की ते ट्रोपोनिनवरून सुटते, ट्रोपोमायोसिन मूळ जागी येते आणि दार बंद होते.

वेळेचा हिशेबही लिहा. ॲक्शन पोटेन्शियल काही मिलिसेकंदांत संपते, बल त्यानंतर शिखर गाठते. पायाच्या वेगवान स्नायूत ते काही दहा मिलिसेकंदांचे काम, सोलिअससारख्या संथ स्नायूत १०० मिलिसेकंदांच्या आसपास. विद्युत घटना संपलेली असते आणि यांत्रिक घटना अजून चालू असते, म्हणूनच उत्तेजने लागोपाठ दिली तर बलाची बेरीज होऊन टिटॅनस मिळतो.

तपासा: मॅलिग्नंट हायपरथर्मिया या चारही टप्प्यांतून समजावून सांगा. बहुतेक रुग्णांत रायनोडीन रिसेप्टरच्या जनुकात बिघाड असतो. हॅलोथेनसारखी भूल किंवा सक्सिनिलकोलिन दिल्यावर कॅल्शियम आवरेनासे बाहेर येते. मायोसिनचे चक्र आणि सर्का पंप दोन्ही एटीपी जाळत राहतात, त्यातून उष्णता आणि ताठरपणा. डँट्रोलीन रेटिक्युलममधून सुटणारे कॅल्शियम रोखते, म्हणून ते उपयोगी पडते. उत्तरात फक्त 'कॅल्शियम वाढते' असेल आणि उष्णता कुठून येते ते नसेल, तर चौथा टप्पा पुन्हा वाचा.

## टप्पा ५: फायबरचे प्रकार – एकच चक्र, वेगळे भाग

आता प्रकारांचा तक्ता पाठ करण्याऐवजी वरच्या चक्रावर बोट ठेवा आणि विचारा, इथे काय वेगळे आहे?

पहिला फरक मायोसिनच्या जड साखळीत. माणसाच्या हातापायांच्या स्नायूंत तिच्या तीन मुख्य आवृत्त्या: टाइप १, टाइप २ए आणि टाइप २एक्स. टाइप १ मध्ये पाचवी पायरी, एडीपी सुटणे, हळू होते. डोके जास्त वेळ चिकटून राहते, त्यामुळे आकसण्याचा कमाल वेग कमी, पण तेच बल धरून ठेवायला एटीपी कमी लागतो. तासन्‌तास उभे राहायला लागणाऱ्या सोलिअसमध्ये टाइप १ चे प्राबल्य का असते, ते यातून कळते.

दुसरा फरक कॅल्शियमच्या व्यवस्थेत. वेगवान फायबरमध्ये रेटिक्युलम आणि सर्का पंप जास्त, म्हणून ते आकसतातही लवकर आणि शिथिलही लवकर होतात. तिसरा फरक एटीपी भरून काढण्यात. टाइप १ मध्ये मायटोकाँड्रिया, मायोग्लोबिन आणि केशवाहिन्या जास्त. २एक्स मध्ये ग्लायकोलिसिसवर भर, म्हणून तो लवकर थकतो. २ए मध्ये वेगवान मायोसिन आणि बऱ्यापैकी मायटोकाँड्रिया दोन्ही.

इथे चुकते, तीन ठिकाणी. एक: 'लाल म्हणजे स्लो, पांढरा म्हणजे फास्ट'. रंग मायोग्लोबिनचा असतो, वेग मायोसिनचा, आणि २ए वेगवान असूनही लालसर असतो. दोन: माणसात 'टाइप २बी' लिहिणे. जुन्या एटीपीएज रंगकामात ज्याला २बी म्हणत, ते माणसात प्रत्यक्षात २एक्स निघाले. खरे २बी मायोसिन उंदीर-घुशींच्या स्नायूंत सापडते. तीन: वेगवान फायबर 'कितीतरी जास्त ताकदवान' असतात असे लिहिणे. काटछेदाच्या दर चौरस सेंटीमीटरमागे बलातला फरक लहान असतो. मोठा फरक वेगात असतो, आणि म्हणून बल गुणिले वेग, म्हणजे पॉवरमध्ये.

एका मोटर युनिटमधले सगळे फायबर साधारण एकाच प्रकारचे असतात. कारण प्रकार ठरवण्यात मज्जातंतूचा मोठा वाटा आहे. बुलर आणि दोन एकल्स यांनी १९६० साली मांजरात वेगवान आणि संथ स्नायूंचे मज्जातंतू अदलाबदल करून जोडले, तेव्हा स्नायूंचे वेगही त्या दिशेने बदलले. फायबरचा प्रकार ही जन्मभराची शिक्कामोर्तब झालेली गोष्ट नाही, हे इथे कळले की सहावा टप्पा सोपा जातो. एकाच फायबरमध्ये दोन प्रकारचे मायोसिन असलेले संकरित फायबरही बरेच सापडतात, विशेषतः बदल चालू असताना.

## टप्पा ६: व्यायाम – काय बदलते आणि कोणत्या क्रमाने

इथे आधी प्रश्न विचारा: बदल नेमका कुठे? मज्जासंस्थेत, फायबरच्या जाडीत, मायोसिनच्या आवृत्तीत, की मायटोकाँड्रियांत? या चारही गोष्टी वेगवेगळ्या वेगाने बदलतात.

आधी मज्जासंस्था. वजनांचा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण मांडीचा घेर जवळपास तोच असतो. ही वाढ मुख्यतः मोटर युनिट जास्त संख्येने आणि जास्त वारंवारतेने कामाला लागल्याची. उत्तरात पहिल्याच आठवड्यातल्या वाढीला 'हायपरट्रॉफी' म्हणू नका.

मग जाडी. व्यायामाच्या एका सत्रानंतर प्रथिननिर्मिती साधारण एक ते दोन दिवस वाढलेली राहते. हे पुन्हा पुन्हा घडले की फायबरमध्ये मायोफायब्रिल वाढतात, म्हणजे सार्कोमिअर एकमेकांच्या *शेजारी* वाढतात. शेजारी वाढले की बल वाढते. एकापुढे एक वाढले असते तर लांबी आणि वेग वाढला असता. टाइप २ फायबर टाइप १ पेक्षा सहसा जास्त जाड होतात. माणसात फायबरची संख्या वाढल्याचा भक्कम पुरावा नाही. वाढते ती जाडी, आणि सॅटेलाइट पेशी तिला नवी केंद्रके पुरवतात.

मायटोकाँड्रिया. नियमित धावणे, सायकल, पोहणे यांनी काही आठवड्यांत मायटोकाँड्रिया आणि केशवाहिन्या वाढतात. हॉलोझी यांनी १९६७ साली धावणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत श्वसनाची एन्झाइमे सुमारे दुप्पट झाल्याचे दाखवले. लक्ष द्या: यात मायोसिनचा प्रकार बदलायची गरज नाही. टाइप २ फायबर टाइप २ राहूनही दमदार होतो.

मायोसिनची आवृत्ती. इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. वजने असोत की धावणे, नियमित व्यायामात २एक्स चे २ए होते. दोन्ही व्यायामांची दिशा एकच. टाइप १ आणि टाइप २ यांच्यातली सीमा ओलांडणे माणसात नेहमीच्या व्यायामाने फारसे घडत नाही.

## टप्पा ७: एक प्रत्यक्ष उदाहरण सोडवा

अँडरसन आणि आगार्ड यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायाम न करणाऱ्या तरुण पुरुषांना तीन महिने पायांचा जड वजनांचा व्यायाम दिला, मग तीन महिने तो पूर्ण थांबवला. मांडीच्या व्हास्टस लॅटरॅलिसची बायॉप्सी सुरुवातीला, व्यायामानंतर आणि थांबवल्यानंतर घेतली. २एक्स मायोसिनचे प्रमाण सुरुवातीला सुमारे ९ टक्के होते, व्यायामानंतर २ टक्क्यांवर आले, आणि व्यायाम थांबवल्यावर १७ टक्क्यांवर गेले. नुसते मूळ पातळीवर आले नाही, तिच्या वर गेले.

कागदावर तीन ओळी लिहा आणि प्रत्येकीला कारण द्या.

*९ वरून २:* वारंवार कामाला लागणाऱ्या फायबरमध्ये २एक्स चे जनुक मंदावले, २ए चे वाढले. ताकद मात्र वाढली, कारण फायबर जाड झाले. म्हणजे 'सर्वांत वेगवान' मायोसिन कमी होऊनही माणूस जास्त ताकदवान झाला. विद्यार्थ्यांना हे पटत नाही. प्रकार आणि जाडी हे दोन वेगळे बदल आहेत हे सहाव्या टप्प्यात पक्के केले असेल तरच पटते.

*२ वरून १७:* वापर थांबल्यावर २एक्स पुन्हा वाढले. फायबरचा नैसर्गिक कल वापराविना २एक्स कडे असतो असे दिसते. मेरुरज्जूला इजा होऊन पाय निकामी झालेल्या रुग्णांत हेच टोकाला जाते: पायांचे फायबर हळूहळू २एक्स कडे सरकतात आणि बारीक होत जातात. वेगवान, पण क्षीण आणि लवकर थकणारे.

*टाइप १ चे काय?* या सहा महिन्यांच्या उलाढालीत हिशेब मुख्यतः २एक्स आणि २ए यांच्यात झाला. म्हणून या आकड्यांवरून 'स्लो फायबर फास्ट झाले' असा निष्कर्ष काढता येत नाही.

शेवटची तपासणी: पुढचा प्रश्न पुस्तक बंद करून सोडवा. एका खेळाडूचा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर काढल्यावर त्या मांडीची ताकद, फायबरची जाडी, २एक्स चे प्रमाण आणि मायटोकाँड्रिया यांत प्रत्येकी कोणत्या दिशेने बदल अपेक्षित आहे, आणि पुन्हा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत यांतले काय सर्वांत आधी सुधारेल? ताकद, जाडी आणि मायटोकाँड्रिया घटतील, २एक्स वाढेल, आणि आधी सुधारेल ती ताकद, जाडी भरून येण्यापूर्वीच. का, ते सहाव्या टप्प्यातल्या मज्जासंस्थेच्या परिच्छेदाच्या आधाराने दोन वाक्यांत लिहून पाहा.